निरोपाचा ई-मेल : शेवटच्या दिवशी काय लिहावे, कोणाला लिहावे

बँकेच्या नोकरीतील शेवटचा दिवस हा बहुतांशी कागदांचा दिवस असतो. किल्ल्यांचा ताबा, कार्यभार हस्तांतरणाची यादी, ओळखपत्र, येणे-बाकी नसल्याचा दाखला, या सर्वांवर स्वाक्षऱ्या होता होता दुपारचे चार वाजतात. मग चहा, शाल-श्रीफळ आणि दोन-चार भाषणे. या गडबडीत एक काम हमखास अखेरच्या दहा मिनिटांवर ढकलले जाते. ते म्हणजे सहकाऱ्यांना लिहावयाचा निरोपाचा ई-मेल.

माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी मीही तेच केले. जवळजवळ साठ ओळींचा मजकूर लिहिला, पाच चाळीसला पाठवला आणि समाधानाने घरी गेलो. उत्तरे आली ती इनमिन तीन. मनाला थोडे लागले. पुढे दोन-अडीच महिन्यांनी रेल्वे स्थानकावर एक जुने सहकारी भेटले. ते जरा तुटकच बोलत होते. शेवटी म्हणाले, "एवढे मोठे पत्र लिहिले तुम्हाला, दोन ओळींचे उत्तरही नाही?" त्यांनी माझ्या ई-मेलला तिथल्या तिथे, म्हणजे माझ्या कार्यालयीन पत्त्यावर, उत्तर दिले होते. माझा प्रवेश त्या सायंकाळीच बंद झाला होता. पत्रपेटी मात्र यंत्रणेत तशीच होती. त्यामुळे पत्र परत फिरले नाही, त्यांना काही सूचनाही मिळाली नाही. ते पोहोचले आणि न वाचता पडून राहिले. तशी आणखी किती पत्रे होती, हे मला कधीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी निरोपाच्या ई-मेलकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. प्रस्तुत लेखात एका काल्पनिक परंतु बँकेत नित्य घडणाऱ्या उदाहरणाच्या आधारे हा ई-मेल कसा लिहावा, याचा विचार करावयाचा आहे. आपल्या ग्राहकांपैकी अनेकजण कारखान्यांत, शाळांत वा खासगी कार्यालयांत नोकरी करतात; त्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल.

एक उदाहरण

मूळच्या साताऱ्याच्या एक वरिष्ठ प्रबंधक इंदूर येथील क्षेत्रीय कार्यालयात लघुउद्योग कर्ज विभागाचे काम सहा वर्षे पाहत आहेत असे समजू या. पतीची बदली हैदराबादला झाली आहे आणि त्यांनाही तेथील दुसऱ्या बँकेत जागा मिळाली आहे. राजीनामा मंजूर झाला असून येत्या शुक्रवारी त्या कार्यमुक्त होणार आहेत. क्षेत्रीय कार्यालयात बेचाळीस माणसे आहेत आणि अखत्यारीत चौतीस शाखा. मागील वर्षी त्यांची पदोन्नती हुकली होती. त्याचे शल्य मनात आहेच.

गुरुवारी रात्री त्यांनी जो पहिला मसुदा लिहिला, तो साधारण असा होता :

"आदरणीय वरिष्ठ व प्रिय सहकारी, आज या महान संस्थेतील माझा शेवटचा दिवस. शब्द अपुरे पडत आहेत. या प्रवासात असंख्य गोड आठवणी मिळाल्या. काहींनी भरभरून साथ दिली, तर काहींनी माझ्या कामाची दखल घेतली नाही. पण त्यांनीही मला खूप काही शिकवले. कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व. आपण सर्वजण सदैव संपर्कात राहू या."

हा मसुदा वाईट नाही. भावना खरी आहे. पण तो शहात्तर माणसांच्या हाती पडल्यावर काय होते, ते पाहणे आवश्यक आहे.

"काहींनी दखल घेतली नाही" हे वाक्य लिहिताना बाईंच्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती होती. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र एक व्यक्ती येत नाही. विभागातील ज्या अधिकाऱ्याने दिवाळीच्या आधी त्यांचे टिपण दोनदा परत पाठवले होते, त्याला वाटते की हे आपल्यालाच आहे. ज्या शाखाधिकाऱ्याने आठवडाभर दूरध्वनी उचलला नव्हता, त्यालाही तसेच वाटते. नाव न घेता मारलेला टोमणा नेमलेल्या माणसाला कदाचित लागतही नाही, तो निर्धास्तपणे "कोणाविषयी असेल बरे?" असे शेजाऱ्याला विचारतो. लागतो तो चार निरपराध माणसांना. आणि पुढील आठवडाभर कार्यालयात चर्चा होते ती बाईंच्या सहा वर्षांच्या कामाची नव्हे, त्या एका वाक्याची.

"कळत-नकळत" हा शब्दप्रयोग निरोप समारंभातील भाषणात शोभतो. तेथे समोर चेहरे असतात, आवाजात कंप असतो, ऐकणारा मान डोलावतो. लेखी मजकुरात तो शिक्का मारल्यासारखा दिसतो. ज्याचे मन खरोखर दुखावले आहे, त्याला अशी घाऊक क्षमायाचना उलट बोचते. कारण आपला प्रसंग बाईंच्या लक्षातही नाही, असा तो त्याचा अर्थ लावतो. क्षमा मागावयाचीच असेल तर त्या एका माणसाची, त्या एका गोष्टीसाठी, आणि शक्यतो प्रत्यक्ष भेटून मागावी.

राहिल्या "असंख्य गोड आठवणी" आणि "सदैव संपर्कात". असंख्य म्हटले की एकही दिसत नाही. संपर्कात राहू या म्हटले आणि पत्ता दिला नाही, तर तो केवळ शिष्टाचार ठरतो. या मसुद्यात पत्ता कोठेच नव्हता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

एक नव्हे, तीन प्रकारचे ई-मेल

माझ्या मते मूळ घोटाळा असा आहे की, आपण एकाच ई-मेलवर तीन कामे लादतो. कामाचा ताबा कोणाकडे गेला हे सांगणे, सर्वांना नमस्कार करणे आणि जवळच्या माणसांचे ऋण व्यक्त करणे. ही तीन कामे तीन निराळ्या वाचकांसाठी आहेत. एकत्र केली की पहिले काम शेवटच्या परिच्छेदात हरवते आणि तिसरे सार्वजनिक झाल्यामुळे मिळमिळीत होते.

त्यामुळे बाईंनी कामाचा ई-मेल निरोपाच्या दिवसाआधी, म्हणजे मंगळवारी पाठवावा. तो फक्त चौतीस शाखांना आणि विभागातील सहकाऱ्यांना जाईल. त्यात भावनेचा एक शब्दही नको. कोणते प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहेत, कोणत्या शाखेकडून कोणता कागद यावयाचा आहे, सोमवारपासून ते कोण पाहणार, इतकेच. मंगळवार यासाठी की, शाखांना शंका विचारण्यास तीन दिवस मिळतात आणि त्या शंकांची उत्तरे देण्यास बाई जागेवर असतात. सहकारी आपल्याविषयी पुढे काय बोलतात, हे बऱ्याच अंशी या कोरड्या यादीवर ठरते. सुंदर निरोपपत्र लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलाखाली महिन्याभराने दोन न नोंदलेले प्रस्ताव सापडले, तर त्या पत्रातील प्रत्येक ओळ वारसदाराला खोटी वाटते.

शुक्रवारचा सर्वांसाठीचा ई-मेल मग अगदी लहान होऊ शकतो. इंदूरला तो अर्थातच हिंदीत जाईल. तेथील सर्वांना जी भाषा सहज येते ती वापरणे हाच सौजन्याचा पहिला भाग आहे. येथे वाचकांसाठी तो मराठीत देत आहे. दुरुस्त केलेला मसुदा असा :

"विषय : निरोप – (नाव), लघुउद्योग कर्ज विभाग, क्षेत्रीय कार्यालय, इंदूर

सप्रेम नमस्कार.

आज सायंकाळी मी बँकेच्या सेवेतून कार्यमुक्त होत आहे आणि कुटुंबासह हैदराबादला जात आहे. माझा खासगी ई-मेल पत्ता (…) असा आहे. या पत्राला उत्तर लिहावेसे वाटल्यास दुपारी चारनंतर कृपया त्याच पत्त्यावर लिहावे. कार्यालयीन पत्त्यावर आलेले मला दिसणार नाही.

सहा वर्षांपूर्वी मी इंदूरला आले, तेव्हा माळव्यातील सोयाबीन व्यवसायाविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. ऑक्टोबरमध्ये माल बाजारात येऊ लागला की खेळत्या भांडवलाची मागणी का वाढते, हे मला आपल्या शाखांनी समजावून दिले. पहिल्या वर्षीच्या माझ्या शंका वाचून आपल्याला हसू आले असेल, पण प्रत्येक शंकेचे उत्तर आपण लिहिलेत. त्या उत्तरांबद्दल मनापासून आभार.

विभागाच्या कामाविषयी मंगळवारच्या पत्रात लिहिले आहे. बँकेच्या कामासंबंधी काहीही माझ्या खासगी पत्त्यावर कृपया पाठवू नये.

आपली, (नाव)"

या मसुद्यात एकच आठवण आहे, पण ती या कार्यालयाचीच आहे. ती पुण्याच्या वा पाटण्याच्या कार्यालयाला चिकटवता येणार नाही. तिच्यात लिहिणाऱ्या बाई थोड्या अजाण दिसतात आणि वाचणारे जाणकार दिसतात. नेमके हेच उलट केल्यामुळे कित्येक निरोपपत्रे फसतात. "मी आलो तेव्हा विभागाची थकबाकी इतकी होती, आज इतकी आहे" हा हिशेब खरा असला, तरी तो निरोपाच्या पत्रात मिरवला की वाचणाऱ्यांच्या वाट्याला फक्त प्रेक्षकाची भूमिका उरते.

त्यात कोणाचेही व्यक्तिगत नाव नाही, हेही मुद्दाम केले आहे. बेचाळीस माणसांतील चौदांची नावे घेतली तर अठ्ठावीस जण आपले नाव शोधत शेवटपर्यंत वाचतात आणि निराश होतात. सर्वांची नावे घेतली तर ती हजेरी होते. नावे तिसऱ्या प्रकारच्या पत्रांसाठी राखून ठेवावीत.

नव्या नोकरीचे नाव, पद आणि पगार यांचाही उल्लेख नाही. "हैदराबादला जात आहे" एवढे पुरे. ज्यांना जाणून घ्यावयाचे ते विचारतीलच.

विषयाच्या ओळीत नाव आणि विभाग आहे, तोही विचारपूर्वक. नुसते "अलविदा" किंवा "आभार" असा विषय लिहिला तर त्या दिवशी चालून जाते. परंतु वर्ष-दीड वर्षाने एखाद्या सहकाऱ्याला बाईंचा पत्ता हवा असतो, तेव्हा तो पत्रपेटीत नावाने शोधतो. त्या दिवशी तो ई-मेल सापडला पाहिजे. त्याच कारणाने मजकुराखाली आपोआप उमटणारी स्वाक्षरीची चौकट काढून टाकावी. तिच्यात कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि पदनाम असते. सोमवारपासून ते दुसऱ्याचे असणार.

कोणत्या रकान्यात, कोणत्या वेळी

शहात्तर पत्ते `To` किंवा `Cc` या रकान्यात टाकले की एखादा सहकारी `Reply All` दाबून "शुभेच्छा, मॅडम" असे लिहितो आणि ते सर्वांना जाते. मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या पत्रपेटीत चाळीस शुभेच्छा साठतात आणि ऐन व्यवहाराच्या वेळी शाखाधिकारी वैतागतो. हे प्रकरण किती वाढू शकते याचे एक टोकाचे उदाहरण ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोव्हेंबर २०१६ मध्ये घडले. चाचणीचा एक ई-मेल चुकून ८ लाखांहून अधिक पत्त्यांवर गेला. ज्यांना तो नको होता त्यांतील कित्येकांनी "मला वगळा" असे उत्तर सर्वांनाच पाठवले आणि त्या सेवेची ई-मेल यंत्रणा रखडली.

यावर उपाय सोपा आहे. `To` मध्ये स्वतःचा कार्यालयीन पत्ता आणि बाकी सर्वांचे पत्ते `Bcc` मध्ये. `Bcc` मधील व्यक्तीने `Reply All` दाबले तरी तिच्याकडे इतरांचे पत्ते नसल्यामुळे उत्तर केवळ आपल्याकडे येते. याचा आणखी एक लाभ म्हणजे उत्तर देणारा मोकळेपणाने लिहितो. सर्वांसमोर "शुभेच्छा" एवढेच लिहिणारा माणूस एकट्याला लिहिताना चार ओळी लिहितो. याची एक मर्यादा मात्र आहे. `Bcc` ने आलेल्या पत्रात आपण कितवे आणि आणखी कोण, हे दिसत नाही. त्यामुळे वरिष्ठांना ते परिपत्रकासारखे वाटू शकते. म्हणून क्षेत्रीय प्रबंधकांना हा ई-मेल असा पाठवू नये. त्यांना भेटून, आणि लिहावयाचे असल्यास स्वतंत्रपणे लिहावे.

एक धोक्याची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. स्वतःकडे प्रत राहावी म्हणून `Bcc` मध्ये आपला खासगी पत्ता टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. शेवटच्या दिवशी कार्यालयीन पत्त्यावरून खासगी पत्त्याकडे गेलेला ई-मेल ही माहिती सुरक्षा विभागाच्या दृष्टीने संशयास्पद हालचाल असते. काही ठिकाणी यंत्रणा असा ई-मेल अडवते किंवा चौकशीची सूचना काढते. सहा वर्षांची सचोटी आणि शेवटच्या दुपारी खुलासा मागणारा दूरध्वनी, हा शेवट कोणालाच नको असतो. मजकूर लक्षात ठेवावयाचा असेल तर तो आधी घरी कागदावर लिहावा, जसा या बाईंनी गुरुवारी रात्री लिहिला.

वेळेविषयी माझा अनुभव वर आलाच आहे. पाच चाळीस ही वेळ सर्वांत वाईट. सकाळी दहा-साडेदहाही नको, कारण शाखांत ती गर्दीची वेळ असते. जेवणाच्या सुट्टीच्या थोडे आधी पाठवलेला ई-मेल सुट्टीत वाचला जातो आणि दुपारभर उत्तरे येतात. बाईंनी तो साडेबाराला पाठवला. चार वाजेपर्यंत बावीस उत्तरे आली. प्रत्येकाला त्यांनी तिथल्या तिथे एकेक ओळ लिहिली. ज्याचे उत्तर आपल्या हाती पडले आणि ज्याला आपली ओळ मिळाली, तो संबंध त्या दिवशी अर्धवट तुटत नाही.

शेवटचा दिवस कामकाजाचा नसू शकतो, हेही पाहून ठेवावे. निवृत्ती बहुधा महिन्याच्या अखेरच्या तारखेला येते आणि ती तारीख रविवारी किंवा चौथ्या शनिवारी पडू शकते. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा आहे. तेव्हा ई-मेल त्याआधीच्या कामाच्या दिवशी गेला पाहिजे. ३१ मार्चला निवृत्त होणाऱ्यांची तर मोठीच पंचाईत होते. त्या दिवशी वार्षिक लेखाबंदीच्या धावपळीत निरोपाचा ई-मेल कोणीही उघडत नाही. त्यांनी तो चार-पाच दिवस आधीच पाठवणे इष्ट. "३१ तारखेला निवृत्त होत आहे, पण त्या दिवशी आपण सर्वच कामात बुडालेले असू, म्हणून आज लिहितो" असे एक वाक्य त्यात असले, की वेळेची अडचणही बँकवाल्यांच्या सामायिक विनोदाचा भाग होते.

स्वतंत्र पत्रे

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. संबंध खऱ्या अर्थाने टिकवणारी पत्रे हीच. ती पाच ते आठ असावीत. अधिक लिहू गेल्यास हात थकतो आणि सातव्या पत्रापासून तीच वाक्ये फिरून येऊ लागतात. कोणाला लिहावे, याची कसोटी सोपी आहे. ज्या माणसाविषयी एखादा प्रसंग आपल्याला आठवून पाहावा न लागता सुचतो, त्याला लिहावे. ज्याच्यासाठी प्रसंग शोधत बसावे लागते, त्याला सर्वांसाठीचा ई-मेल पुरेसा आहे आणि त्यात त्याचा अपमान नाही.

बाईंनी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना लिहिले :

"आपण पीथमपूरला साठा तपासणीला गेलो होतो तो दिवस मी विसरले नाही. मी नोंदवही पाहून समाधान मानले होते. आपण पोत्यांच्या रांगेमागे गेलात आणि मागची जागा रिकामी असल्याचे मला दाखवलेत. सर्वांसमोर काही बोलला नाहीत, परतताना गाडीत बोललात. त्यानंतर मागची रांग पाहिल्याशिवाय मी एकाही तपासणी अहवालावर सही केली नाही. हैदराबादलाही करणार नाही."

यात "आपण माझे गुरू आहात" असे म्हटलेले नाही. तसे म्हणण्याची गरजच उरलेली नाही. आणखी एक गोष्ट वाचकांनी पाहावी. कारखान्याचे नाव, मालाचा प्रकार, कर्जाची रक्कम, यांपैकी काहीही पत्रात नाही. राष्ट्रीयीकृत बँकेचा कर्मचारी नोकरीत येताना निष्ठा व गोपनीयतेचे घोषणापत्र देतो. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातील कलम १३ याच विषयाचे आहे. निरोपाच्या ओघात जुन्या आठवणी काढताना ग्राहकाचे नाव सहज निसटते. प्रसंग सांगावा, पण ग्राहक ओळखू येणार नाही, असा सांगावा.

ज्यांच्याशी मतभेद होते त्या वरिष्ठांना काय लिहावे, हा खरा अवघड प्रश्न. पदोन्नतीचा विषय बाईंनी काढू नये, हे उघड आहे. त्या विषयासाठी कार्यमुक्तीपूर्वीची औपचारिक मुलाखत किंवा समोरासमोरचे बोलणे हे स्थान आहे. निरोपाचे पत्र नव्हे. परंतु खोटी स्तुतीही करू नये. दोघांनाही सत्य ठाऊक असते, त्यामुळे ती स्तुती उपरोधासारखी वाचली जाते. एखादी लहान, खरी गोष्ट शोधावी. बाईंना ती सापडली : हे वरिष्ठ टिपण परत पाठवत, तेव्हा समासात स्वतःच्या हाताने कारण लिहीत. "आपण परत पाठवलेल्या टिपणांच्या समासातील कारणे मला उपयोगी पडली. ती सवय मी सोबत नेत आहे." दोन वाक्ये. अशी एकही गोष्ट सापडत नसेल, तर स्वतंत्र पत्र लिहू नये. जाऊन नमस्कार करावा.

आणि ज्यांच्याकडे कार्यालयीन ई-मेल नाही वा असून ते क्वचितच उघडतात, त्यांचे काय? दाराशी उभे असणारे सुरक्षारक्षक, फायली आणून देणारे दप्तरी, सफाई करणाऱ्या मावशी, चहावाला. आपण सर्वांना निरोप दिला असे ई-मेल पाठवणाऱ्याला वाटते आणि ज्यांनी रोज सकाळी सर्वांत आधी नमस्कार केला, तीच माणसे यादीबाहेर राहतात. त्यांना गुरुवारीच भेटावे. शुक्रवारी वेळ मिळत नाही. जवळच्या दोघा-तिघा सहकाऱ्यांनाही बातमी सर्वांसाठीच्या ई-मेलमधून कळता कामा नये. ती त्यांना आधी तोंडी कळलेली असावी.

ग्राहकांच्या बाजूने

निरोपाचा हा ई-मेल सहकाऱ्यांसाठी आहे, ग्राहकांसाठी नाही. ग्राहकांना बदलाची माहिती शाखेने द्यावी आणि नव्या अधिकाऱ्याची ओळख शाखाधिकाऱ्यांनी करून द्यावी. आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांचा निरोप अचानक कळला तर ग्राहकाला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र "मी आपल्या बँकेतील अमुक अधिकारी, आता नव्या पत्त्यावरून लिहीत आहे, आपल्या खात्याचा तपशील पाठवा" असा ई-मेल किंवा संदेश आल्यास उत्तर देऊ नये; शाखेच्या नेहमीच्या क्रमांकावर विचारावे. सेवेतून गेलेल्या अधिकाऱ्याला आपल्या खात्याच्या तपशिलाचे काहीही कारण उरलेले नसते.

बाईंच्या बाबतीत पुढे असे झाले असते असे समजू. दीड महिन्याने त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या खासगी पत्त्यावर लिहिले : एका शाखेच्या प्रस्तावासोबतचा मूल्यांकन अहवाल सापडत नाही, आपल्याला काही आठवते का? असे पत्र येणे हीच निरोप नीट जमल्याची खूण. ज्याच्याविषयी कटुता आहे, त्याला कोणी विचारत नाही. परंतु उत्तर देताना जपावे लागते. प्रस्तावात काय होते, उद्योजकाविषयी त्यांचे मत काय होते, हे आता त्या बाहेरून लिहू शकत नाहीत. त्यांनी उत्तर वारसदाराच्या कार्यालयीन पत्त्यावर लिहिले : "खिडकीजवळच्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात निळ्या फायली आहेत, शाखेच्या नावाप्रमाणे लावलेल्या. त्यांत पाहावे. तेथे नसेल तर शाखेकडे कार्यालयीन प्रत असते. इंदूरला पाऊस सुरू झाला का?"